खुर्ची काढल्यावर काय उरतं? जुन्या नोकऱ्या आणि छंदांची झडती

नमस्कार मंडळी. आपण आजवर केलेल्या नोकऱ्या आणि जोपासलेले छंद यांची झडती घेऊन त्यात दडलेल्या धंद्याच्या कल्पना कशा बाहेर काढायच्या, हा आजचा विषय. बहुतेक लोक हे काम बायोडाटा समोर ठेवून सुरू करतात आणि पहिल्या अर्ध्या तासातच अडकतात. बायोडाटा पुढच्या साहेबाला दाखवायला लिहिलेला असतो. त्यात हुद्दे असतात, सालं असतात, मशीनांची आणि सॉफ्टवेअरची नावं असतात. तुम्ही सकाळी आठ ते संध्याकाळी पाच नेमकं काय करत होता, हे त्यात नसतं. आणि हुद्द्यावरून धंदा शोधायला गेलं की हुद्द्यासारखाच धंदा सुचतो. अकाउंटंटला अकाउंटिंग फर्म सुचते, ड्रायव्हरला ट्रॅव्हल्स, स्वयंपाकाची आवड असणाऱ्याला डबे. यांत वाईट काही नाही, पण तिथे गर्दी असते, कारण ते सगळ्यांनाच सुचतं.

म्हणून आज एकच उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. माणूस नमुन्यासाठी घेतलेला आहे, पण भोसरी-चाकण पट्ट्यात असे पुष्कळ भेटतील. वय ४३. आयटीआय करून लागला. सुरुवातीची काही वर्षं स्टँडर्ड रूममध्ये, म्हणजे जिथे गेज आणि मोजमापाची उपकरणं तपासतात तिथे. मग प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवतात तिथे, इन्स्पेक्टर. आता गाड्यांचे सुटे भाग पुरवणाऱ्या एका मध्यम कंपनीत क्वालिटी इंजिनियर. पगार ४५ हजार. छंद मॅक्रो फोटोग्राफीचा: पावसाळा सरत आला की कासच्या पठारावर रानफुलं, एरवी घराच्या आसपास किडे आणि कोळी. शिवाय सोसायटीचा खजिनदार.

झडतीची पहिली पायरी म्हणजे ओळी लिहिणं. एक दोनशे पानी वही घ्या किंवा एक्सेल शीट उघडा, पण एका ओळीत एकच कृती. ओळीत क्रियापद हवं, कशावर काम केलं ते हवं आणि कुठल्या अडचणीत केलं ते हवं. ‘क्वालिटी कंट्रोल’ ही ओळ नाही. ‘ग्राहकाकडून तक्रार आली की २४ तासांत आपल्याकडचा आणि वाटेतला माल थांबवून, तपासून, वेगळा काढणं’ ही ओळ झाली. ‘फोटोग्राफी’ ही ओळ नाही. ‘चकचकीत पाठीच्या भुंग्यावर फ्लॅशचा पांढरा डाग पडू नये म्हणून ट्रेसिंग पेपरचा पडदा करून प्रकाश पसरवणं’ ही ओळ झाली. इतकं बारीक लिहायचा कंटाळा येतो, पण पुढचा सगळा उपयोग या बारकाईचाच आहे.

आठवणीवर विसंबू नका. आठवणीत मोठे प्रसंग राहतात, रोजची कामं पुसली जातात. त्यापेक्षा पाठवलेल्या ईमेलचा फोल्डर चाळा, व्हॉट्सअ‍ॅपवर लोकांनी तुम्हाला काय काय विचारलंय ते शोधा, फोनमधले फोटो बघा, जुन्या डायऱ्या काढा. प्रत्येक नोकरीला चार वेळा प्रश्न विचारा: रोज काय करायचो, महिनाअखेरीला काय, वर्षातून एकदा काय, आणि घोळ झाला की काय. चौथ्या प्रश्नाला सगळ्यात कामाच्या ओळी निघतात, कारण घोळ निस्तरायची वेळ येते तेव्हा हुद्दा बाजूला राहतो आणि ज्याला येतं त्याच्याकडे काम जातं. पंधरा-वीस वर्षांच्या नोकरीतून पन्नासेक ओळी निघायला हरकत नाही. वीसच्या आत थांबलात तर तुम्ही अजून हुद्दाच लिहिताय असं समजा.

ओळी झाल्या की प्रत्येकीपुढे तीन गोष्टी लिहायच्या. हे काम माझ्याकडे मागायला कोण यायचं? ते झालं नसतं तर कोणाचं काय अडलं असतं, आणि पैशात किती? आणि मला ते येतं याचा पुरावा काय? पहिल्या प्रश्नात एक मेख आहे. तुमच्या खात्यातला माणूस आला तर ते तुमचं नेमलेलं काम होतं. दुसऱ्या खात्यातला, दुसऱ्या कंपनीतला किंवा नोकरी सोडून गेलेला जुना सहकारी आला, तर त्या ओळीला खूण करा. आपल्या उदाहरणातल्या माणसाला अशा दोन खुणा मिळतात. शेजारच्या लहान वर्कशॉपचे मालक आयएसओच्या ऑडिटआधी गेजचं रजिस्टर नीट लावून मागतात. आणि कंपनीतल्या तीन वेगवेगळ्या लाइनचे सुपरवायझर हातात पार्ट घेऊन येतात आणि विचारतात, ‘हा स्क्रॅच चालेल का?’ हा दुसरा प्रश्न इतका रोजचा आहे की तो स्वतः ही ओळ लिहिणारच नाही. झडतीत सुटतात त्या ओळी बहुधा अशाच असतात. अवघड कामं लोक आठवणीने लिहितात. आपल्याला सहज जमणारं काम त्यांना कामच वाटत नाही.

आता चाळणी. इथे थोडं निष्ठुर व्हावं लागतं. प्रत्येक ओळ घेऊन विचारायचं, खुर्ची काढली तर हे उरतं का? खरेदी खात्यातला माणूस लिहितो, ‘पुरवठादारांशी घासाघीस करून भाव आठ टक्क्यांनी उतरवला.’ पण तो भाव महिन्याला चाळीस टन पत्रा उचलणाऱ्या कंपनीने उतरवलेला असतो. बाहेर पडून हाच माणूस दोन टनांसाठी फोन करतो तेव्हा पलीकडून उत्तर वेगळं येतं. त्याच्याकडे उरतं ते वेगळंच: कुठल्या ग्रेडचा पत्रा कोणाकडे खरा मिळतो, मिलचं टेस्ट सर्टिफिकेट आणि पत्र्याच्या कॉइलवरचा हीट नंबर, म्हणजे पोलाद कुठल्या घाण्यातलं ते सांगणारा क्रमांक, जुळतो का हे कसं पाहायचं. बँकेतल्या माणसाची मंजुरीची सही खुर्चीसोबत जाते, कर्जाची फाइल कुठे अडकते याची जाण राहते. ओळ खोडायची नाही. तिच्यातला खुर्चीचा भाग वेगळा करून उरलेला भाग पुन्हा लिहायचा.

दुसरी चाळणी शिळेपणाची. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि अबकारी कर, व्हॅटची विवरणपत्रं भरण्यात मुरलेल्या लोकांचं बरंचसं ज्ञान एका रात्रीत जुनं झालं. आपल्या माणसाच्या क्षेत्रातही असं घडलंय. फेल्युअर मोड अँड इफेक्ट अ‍ॅनालिसिस, म्हणजे काय बिघडू शकतं आणि त्याचा परिणाम काय याचा एफएमईए नावाचा अभ्यास करताना तीन आकड्यांचा गुणाकार करून आरपीएन, म्हणजे जोखमीचा आकडा काढायची पद्धत त्याला तोंडपाठ आहे. एआयएजी आणि व्हीडीए या वाहन उद्योगाच्या संघटनांच्या २०१९च्या पुस्तिकेने त्या गुणाकाराच्या जागी कृतीची प्राथमिकता ठरवायचा तक्ता आणला. जुनी पद्धत बऱ्याच ठिकाणी अजून चालते, पण तिच्या जोरावर सल्ला विकायला गेलो तर पहिलाच जाणकार ग्राहक अडवेल. म्हणून ओळीपुढे शेवटचं वापरल्याचं साल लिहा आणि मधल्या काळात नियम बदलला असेल तर तसा शेरा मारा.

तिसरी गोष्ट चाळणीपेक्षा कुंपणासारखी आहे. काही ओळी तुमच्या असतात, काही मालकाच्या. ड्रॉइंग, दरपत्रकं, ग्राहकांच्या याद्या, फाइली मालकाच्या. नोकरी सोडल्यावर तोच धंदा करू नये अशा अटी भारतीय करार कायदा १८७२च्या कलम २७मुळे सहसा टिकत नाहीत, पण गोपनीयतेच्या अटीचं तसं नाही, आणि नोकरीत असताना जोडधंदा करायला मनाई असेल तर ती पाळावीच लागते. नेमणुकीचं पत्र काढून वाचा. बऱ्याच जणांनी ते सही केल्या दिवसानंतर पाहिलेलं नसतं.

छंदांच्या ओळी वेगळ्या रीतीने वाचायच्या. छंदातून जे तयार होतं ते विकायचं, ही पहिली ऊर्मी असते: फोटो विकू, लग्नं शूट करू. लग्नाच्या फोटोग्राफीत हा माणूस नवखा आहे आणि ते मार्केट भरलेलं आहे. छंदाची निर्मिती बाजूला ठेवा आणि ती करताना शिकलेली तंत्रं उचला. मॅक्रो फोटोग्राफीत त्याला तीन गोष्टी पक्क्या जमतात. चकचकीत पृष्ठभागावर प्रकाश कसा टाकायचा, काही मिलिमीटरच्या वस्तूवर फोकस कसा धरायचा, आणि एकच फोटो महिन्याने तसाच्या तसा पुन्हा कसा काढायचा. खजिनदारकीतून थकबाकी वसूल करण्याच्या ओळी निघाल्या. त्या आत्ता बाजूला ठेवू. धंदा सुरू झाला की लागतीलच.

आता जुळणी. खुणा केलेल्या नोकरीच्या ओळी डावीकडे, छंदाची तंत्रं उजवीकडे, आणि एकेक जोडी तपासायची. बहुतेक जोड्या निरर्थक निघतात, पटापट सोडून द्या. आपल्या माणसाकडे तीन कल्पना उरतात.

पहिली, सगळ्यांना आधी सुचणारी: स्वतःची कॅलिब्रेशन लॅब, म्हणजे मोजमापाची उपकरणं अचूक आहेत का हे तपासून देणारी. ही पडते. आयएटीएफ १६९४९ हे वाहन उद्योगाचं गुणवत्तेचं मानक पाळणाऱ्या कंपन्यांना बाहेरची लॅब सहसा आयएसओ १७०२५ या लॅबसाठीच्या मानकाप्रमाणे मान्यता असलेली लागते, म्हणजे इथे व्यवहारात एनएबीएल या लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची. त्यासाठी मास्टर उपकरणं, २० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान राखणारी खोली, प्रशिक्षित माणसं आणि मान्यता मिळेपर्यंत दम धरायला भांडवल हवं. कौशल्य आहे, पण कौशल्याच्या पुढचा सगळा खर्च भांडवलाचा आहे. दुसरी कल्पना: दहा-वीस कामगारांच्या वर्कशॉपसाठी गेजचं रजिस्टर सांभाळणं, तारीख आली की गेज गोळा करून मान्यताप्राप्त लॅबकडे नेणं, परत आल्यावर सर्टिफिकेटवर दिलेली गेजच्या मापातली चूक त्या वर्कशॉपच्या कामाला चालेल का हे पाहणं. ही चालण्याजोगी आहे, फक्त प्रत्येक वर्कशॉपमागे पैसे थोडे.

तिसरी कल्पना जोडीतून आली: ‘हा स्क्रॅच चालेल का’ अधिक मॅक्रो फोटोग्राफी. प्रेस केलेल्या, झिंक प्लेटिंग किंवा पावडर कोटिंग केलेल्या भागांसाठी सचित्र मर्यादा-फलक. एका पार्टचं चालेल ते, न चालेल ते आणि सीमेवरचं, असे तीन प्रकारचे फोटो खुणांसह, आणि त्यासोबत सही केलेले लिमिट सॅम्पल, म्हणजे मर्यादा दाखवणारे खरे नग. याची गरज लवकर ध्यानात येत नाही. लांबी, भोक, जाडी गेजने मोजता येतात. डेंट, बर म्हणजे कापलेल्या कडेला राहिलेली धार, प्लेटिंगचा डाग हे नजरेवर चालतं, आणि पहिल्या पाळीची नजर दुसऱ्या पाळीपेक्षा वेगळी असते. दिसण्याच्या भागांसाठी योग्य प्रकाश, मास्टर नमुने आणि सक्षम तपासनीस हवेत हे आयएटीएफ १६९४९मध्ये लिहिलेलंच आहे. लहान पुरवठादाराकडे बहुधा ड्रॉवरमध्ये एक गंजलेला नमुना असतो आणि त्यावरची सही कोणाची हे कोणाला आठवत नाही.

कल्पना सापडली की माणूस लगेच व्हिजिटिंग कार्ड छापायला जातो. थांबा. आधी पाच-सहा मालकांना भेटा, पण ‘असं काही मिळालं तर घ्याल का?’ हे विचारू नका. समोरचा भिडेखातर हो म्हणतो आणि त्या होकाराला शून्य किंमत असते. मागे घडलेलं विचारा: गेल्या सहा महिन्यांत नुसत्या दिसण्यावरून किती लॉट परत आले? शेवटचा आला तेव्हा सॉर्टिंगला, म्हणजे चांगले-खराब नग निवडायला, कोण गेलं, किती दिवस? ग्राहकाने पैसे कापायला पाठवलेली डेबिट नोट केवढ्याची होती? त्यानंतर तुम्ही काय केलंत? या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावर सगळं अवलंबून आहे. ‘पोरांना ओरडलो’ असं उत्तर आलं तर त्रास आहे पण त्यावर खर्च करायची सवय नाही. ‘ग्राहकाच्या दारात दोन कंत्राटी माणसं महिनाभर उभी केली’ असं उत्तर आलं तर हा माणूस आजही पैसे देतोय, फक्त दुसऱ्या कोणाला.

मग एका पार्टवर चाचणी. त्याच पार्टचे ३० नग घ्या: दहा निर्विवाद चांगले, दहा निर्विवाद खराब, दहा सीमेवरचे. सीमेवरचे नसतील तर चाचणीला अर्थ नाही, कारण उघड चांगलं-वाईट कोणीही ओळखतं. न दिसणाऱ्या बाजूला नंबर टाका. दोन तपासनीसांना वेगवेगळं बसवून प्रत्येकाकडून दोनदा तपासून घ्या, दुसऱ्या वेळी क्रम बदलून आणि शक्यतो दुसऱ्या दिवशी. ज्या नगावर चारही निकाल सारखे आले नाहीत ते मोजा. समजा असे ११ निघाले. फलक लावून आठवड्याने तेच पुन्हा करा. समजा ४ निघाले. मालकाला हे दोन आकडे कळतात, त्यासाठी संख्याशास्त्र समजावावं लागत नाही. मोठ्या कंपनीत गेलात तर तिथे ५० नग, तीन तपासनीस आणि कप्पा हा निकाल किती जुळतात ते सांगणारा निर्देशांक मागतील, तेव्हा तो द्या.

फोटो काढताना छंद कामी येतो. खरचटणं आणि डेंट समोरच्या प्रकाशात दिसत नाहीत. दिवा पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, दहा-पंधरा अंशांवर आणला की ते उठून दिसतात. प्लेटिंगच्या डागाचं उलट आहे, त्याला चहूबाजूंनी पसरलेला मऊ प्रकाश लागतो, नाहीतर चमक डाग गिळते. मात्र कडेच्या प्रकाशात न चालण्याजोगा दिसणारा ओरखडा तपासणीच्या टेबलावर दिसणारच नाही, असंही होतं. मग कामगार फलकावर विश्वास ठेवणं सोडतो. म्हणून प्रत्येक दोषाचे दोन फोटो हवेत: एक जवळून, दोष काय ते कळायला, आणि एक टेबलावरच्या नेहमीच्या दिव्यात हातभर अंतरावरून, प्रत्यक्षात कसा दिसेल ते कळायला. चौकटीत मिलिमीटरची पट्टी ठेवा. फलकाला मॅट लॅमिनेशन करा, चकचकीत केलं तर ट्यूबलाइटचं प्रतिबिंबच वाचावं लागतं. रंगाची छटा फोटोवरून कधीही ठरवू नका. छपाईत ती बदलते. तिथे खरा नमुनाच लागतो, आणि झिंकवर पांढरा गंज चढतो म्हणून तोही गंजरोधक पिशवीत, मुदतीची तारीख घालून ठेवावा लागतो.

या धंद्याची खरी अडचण फोटोत नाही, सहीत आहे. मर्यादा पुरवठादार ठरवू शकत नाही, ती ग्राहक कंपनीने मंजूर करावी लागते. तिथला क्वालिटीचा माणूस सहसा ‘सीमेवरचं’ या रकान्यावर सही करायला नाखूश असतो, कारण उद्या गडबड झाली तर बोट त्याच्याकडे जातं. नवा पार्ट मंजुरीला जातो त्या वेळी, पीपॅप नावाच्या मंजुरीच्या कागदांसोबतच, हे नमुने पुढे केले तर सही मिळणं सोपं जातं. तक्रार आल्यावर मागायला गेलं तर ताटकळत बसावं लागतं. म्हणजे पैसे तक्रारीनंतर मिळतात आणि सही तक्रारीआधी सोपी असते. या पेचावर एक उपाय म्हणजे मालकाला तक्रार आलेल्या पार्टचा फलक विकायचा आणि त्याच वेळी येऊ घातलेल्या नव्या पार्टचंही काम ठरवून घ्यायचं. शॉपमध्ये फोटो काढायची लेखी परवानगी आणि फोटो कोणाच्या मालकीचे हे आधी कागदावर आणा. दुसऱ्या गिऱ्हाइकाला नमुना दाखवताना पहिल्याचा पार्ट कधीच दाखवू नका. त्यासाठी भंगारातून घेतलेल्या पत्र्याच्या तुकड्यांवर एक नमुन्याचा फलक तयार ठेवा.

आता हिशेब. आकडे उदाहरणाचे आहेत, रीत खरी आहे. एका फलकाचे १२ हजार रुपये. छपाई, लॅमिनेशन, प्रवास, नमुन्यांच्या पिशव्या मिळून १,८०० गेले, उरले १०,२००. दोन फेऱ्या, नमुने निवडणं, फोटो, खुणा, सहीसाठीचे फोन, चाचणी असे २२ तास. तासाला सुमारे ४६४ रुपये. ४५ हजार पगाराला २६ दिवसांचे २०८ तास धरले तर तासाला २१६ पडतात. दुप्पट झालं, म्हणून लोक इथे खूश होतात. पण धंद्यात सगळे तास विकले जात नाहीत. गिऱ्हाईक शोधणं, कोटेशन, वसुली यात निम्मे तास गेले की ४६४चे २३२ होतात. म्हणजे पगाराइतकंच, वर पीएफ नाही आणि पगारी रजा नाही. त्यामुळे आजच्या भावात ही नोकरी सोडण्याजोगी कल्पना नाही. मालकाशी बोलून, परवानगी घेऊन, रविवारच्या वेळेत करण्याजोगी आहे.

ती वाढवायची तर दोन वाटा दिसतात. पहिल्या पार्टला २२ तास लागतात, पण त्याच वर्कशॉपच्या चौथ्या पार्टला तेवढे लागणार नाहीत, कारण दिव्यांची मांडणी, टेबलाची उंची, सही करणारा माणूस सगळं ठरलेलं असतं. ते तास १२वर आले तर हिशेब पूर्ण बदलतो. म्हणून दहा वर्कशॉपमध्ये एकेक फलक करण्यापेक्षा तीन वर्कशॉपमध्ये चार-चार करा. दुसरी वाट मघाच्या दुसऱ्या कल्पनेतून जाते. गेजच्या रजिस्टरचे पैसे थोडे, पण ते काम दर महिन्याला असतं आणि त्या निमित्ताने शॉपमध्ये पाय राहतो. लिमिट सॅम्पलची मुदत संपत आली, नवा पार्ट डेव्हलपमेंटला आला, हे रजिस्टर सांभाळणाऱ्याला सगळ्यांत आधी कळतं.

मागून एक प्रश्न आला आहे की माझ्याकडे तर अशी एकही जोडी निघाली नाही. बहुतेक वेळा कारण पहिल्याच पायरीत असतं, ओळी जाड्या राहिलेल्या असतात. ‘मुलांच्या शिकवण्या घेतल्या’ हिची कशाशी जोडी लागणार? ‘अपूर्णांकात अडकलेल्या सहावीच्या मुलाची वही पाहून तो नेमका कुठल्या पायरीला घसरतो हे ओळखणं’ अशी ती फोडा. तरीही नाही निघाली, तर वही तुमच्या जुन्या सहकाऱ्याला द्या, घरच्यांना नको. त्याला एवढंच विचारा, ‘माझ्याकडे तू कुठल्या कामासाठी यायचास?’ तो सांगेल ती ओळ तुमच्या वहीत आहे का, ते पाहा.